४,१०० कट्टे आणि ३९६ रुपये कपात: खाली ओढलेल्या फॉर्म्युल्यातला एक राहिलेला डॉलर

लातूर जिल्ह्यात, औसा भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावरचं हे प्रकरण. कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही आणि हिशेब डोळ्यासमोर राहावा म्हणून आकडे सुटसुटीत केले आहेत. चूक मात्र होती तशीच मांडली आहे. फॉर्म्युला पहिल्या ओळीत बरोबर, खालच्या १६३ ओळींत चुकीचा, आणि तरीही शीटवर ना लाल अक्षर ना हिरवा कोपरा.

दिवाळीच्या आगेमागे काट्यावर गर्दी असते. शेतकरी कट्टे घेऊन येतो, माल काट्यावर चढतो, मॉइश्चर मशीनवर ओलावा बघतात आणि ऑफिसात एक्सेलमध्ये ओळ भरली की पट्टी तयार. शीटची मांडणी साधी होती. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसऱ्या ओळीपासून पावत्या. A मध्ये पावती क्रमांक, B मध्ये शेतकऱ्याचं नाव, C मध्ये कट्टे, D मध्ये बारदानासकट भरलेलं वजन किलोत, E मध्ये ओलावा, F मध्ये निव्वळ वजन, G मध्ये क्विंटलचा भाव, H मध्ये शेतकऱ्याला द्यायची रक्कम आणि I मध्ये चालू बेरीज. दर उजवीकडे, K मध्ये नाव आणि L मध्ये आकडा असे लिहिले होते:

```
L2   0.6   बारदान, किलो प्रति कट्टा
L3   12    ओलाव्याची मर्यादा, टक्के
L4   8     हमाली, रुपये प्रति कट्टा
L5   3     तोलाई, रुपये प्रति कट्टा
```

L6 पासून खाली सगळं रिकामं. ही रिकामी जागाच पुढे महागात पडली.

ठरलेला व्यवहार असा: कट्ट्यामागे ६०० ग्रॅम बारदान वजा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनात एक टक्का घट, आणि उरलेल्या वजनाच्या रकमेतून हमाली व तोलाई मिळून कट्ट्याला ११ रुपये वजा. दुसऱ्या ओळीतले फॉर्म्युले हे होते:

```
F2:  =(D2-C2*$L$2)*(1-MAX(0,E2-$L$3)/100)
H2:  =F2*G2/100-C2*$L4-C2*$L5
```

H2 मध्ये डॉलर आहेत. म्हणूनच शीट एकाने बनवून दुसऱ्याने तपासलं तरी कुणाला काही खटकलं नाही. डॉलर दिसला की दर बांधलेला आहे असं गृहीत धरलं जातं. पण $L4 मध्ये डॉलर फक्त L च्या आधी आहे. म्हणजे कॉलम बांधला, ओळ मोकळी राहिली. फॉर्म्युला उजवीकडे ओढला तर L हलणार नाही, खाली ओढला तर 4 चा 5 होईल, 5 चा 6 होईल. इथे तर तो खालीच ओढायचा होता.

हा निम्मा डॉलर आला कुठून, तेही समजून घेण्यासारखं आहे. आदल्या हंगामात हमालीचा दर गावागावाला वेगळा होता आणि तो प्रत्येक पावतीच्या ओळीतच, L कॉलममध्ये लिहिला जाई. तेव्हा $L2 हीच बरोबर रचना होती: ओळीगणिक दर बदलायला हवा, आणि तुरीच्या रकमेसाठी तोच फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये नेताना L जागचा हलता कामा नये. या वर्षी दर सगळ्यांना एकच झाला, चार आकडे वर एका जागी आले, आणि फॉर्म्युल्यात फक्त सेलचा क्रमांक बदलला गेला. डॉलर जुन्या मांडणीचाच राहिला.

मुकादमाची वही

पंधरवड्याच्या शेवटी हमालांचा मुकादम वही घेऊन आला. "साहेब, माझे कट्टे चार हजार शंभर. तुमच्याकडं किती?" शीटवरही C कॉलमची बेरीज ४,१०० च होती, तेव्हा हमालीचे ३२,८०० रुपये देण्यात काही अडचण नव्हती. तोलाईचे १२,३०० धरले की दोन्ही मिळून ४५,१०० होतात, आणि तेवढे शेतकऱ्यांच्या पट्ट्यांतून आधीच वजा झालेले असायला हवे होते. हिशेबनिसाने बँकेतून गेलेली रक्कम आणि मालाची किंमत यांतला फरक काढायला एका रिकाम्या सेलमध्ये हे लिहिलं:

```
=SUMPRODUCT(F2:F165,G2:G165)/100-SUM(H2:H165)
```

४५,१०० ऐवजी उत्तर आलं ३९६.

हा आकडा कुठल्याही गोंधळलेल्या शीटमधून येणारा ओबडधोबड आकडा नाही, त्यालाच विचारलं तर तो चूक कुठे आहे ते सांगतो. पहिल्या पावतीत ३० कट्टे आहेत. ३० गुणिले ११ म्हणजे ३३०. उरले ६६. दुसऱ्या पावतीत २२ कट्टे, २२ गुणिले ३ म्हणजे ६६. हिशेब संपला. म्हणजे पहिल्या पावतीला पूर्ण कपात, दुसरीला फक्त तोलाईइतकी, आणि तिसरीपासून १६४ व्या पावतीपर्यंत शून्य.

पहिल्या तीन ओळी उघडून बघितल्या की का ते दिसतं.

ओळ २: ३० कट्टे, भरलेलं वजन १,५१८ किलो, बारदानाचे १८ किलो गेले, राहिले १,५००. ओलावा ११, घट नाही. ४,४०० च्या भावाने ६६,००० रुपये, वजा ३३०, देय ६५,६७०. बरोबर.

ओळ ३: २२ कट्टे, निव्वळ १,१०० किलो, ओलावा १२, भाव ४,४००, किंमत ४८,४००. इथे फॉर्म्युला झाला =F3\*G3/100-C3\*$L5-C3\*$L6. हमालीच्या जागी तोलाईचा दर ३ आला आणि तोलाईच्या जागी रिकामा सेल. वजा झाले ६६, हवे होते २४२. देय ४८,१५८ ऐवजी ४८,३३४.

ओळ ४: ४० कट्टे, बारदान जाऊन २,००० किलो, ओलावा १४ म्हणून दोन टक्के घट, १,९६० किलो. भाव ४,३५०, किंमत ८५,२६०. फॉर्म्युल्यात आता $L6 आणि $L7, दोन्ही रिकामे. वजा शून्य. शेतकऱ्याला ८४,८२० ऐवजी पूर्ण ८५,२६० गेले.

एकूण ४४,७०४ रुपये जास्त गेले होते.

एक्सेल गप्प का बसलं

तीन गोष्टी जुळून आल्या. रिकाम्या सेलला गुणाकारात एक्सेल शून्य मानतं, त्यामुळे त्रुटी येत नाही. L6 मध्ये कुणी "टीप" म्हणून दोन शब्द जरी लिहिले असते तरी #VALUE! उठून दिसला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. दुसरं, हमाली आणि तोलाईला वेगळे कॉलम नव्हते. कपात रकमेच्या फॉर्म्युल्यातच पोटात घेतलेली होती. ८५,२६० आणि ८४,८२० यांत फरक ४४० चा, आणि दोन्ही आकडे नजरेला सारखेच पटण्याजोगे. वेगळा कॉलम असता तर खाली शून्यांची रांग दिसली असती. शिवाय चूक शेतकऱ्याच्या फायद्याची होती. हीच चूक F मधल्या ओलाव्याच्या मर्यादेत झाली असती, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून मर्यादा घसरत शून्यावर आली असती, ११ टक्के ओलाव्याच्या मालाला ११ टक्के घट लागली असती, आणि काट्यावर तिथल्या तिथे भांडण उभं राहिलं असतं. जास्त मिळालेल्या पट्टीची तक्रार घेऊन कोण येतो?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे बऱ्याच जाणत्या लोकांचाही समज उलटा असतो. सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात येणारा हिरवा त्रिकोण शेजारच्या फॉर्म्युल्यांशी विसंगत असलेला फॉर्म्युला दाखवतो. इथे विसंगती नव्हतीच. H2 पासून H165 पर्यंत प्रत्येक सेल एकच गोष्ट सांगत होता: माझ्या दोन ओळी खालचा दर घे आणि तीन ओळी खालचा दर घे. चूक १६४ वेळा एकसारखी झाली होती, आणि एकसारखेपणा म्हणजेच बरोबर असं एक्सेल धरून चालतं.

हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर File > Options > Formulas मध्ये R1C1 reference style ला टिक करावी. मग सेलचा पत्ता "या सेलपासून किती अंतरावर" अशा भाषेत दिसतो. चौकटी कंसातला आकडा म्हणजे अंतर, तो ओळीबरोबर हलणार. कंस नसलेला आकडा म्हणजे पक्की जागा. आपला फॉर्म्युला वरपासून खालपर्यंत असा दिसला:

```
=RC[-2]*RC[-1]/100-RC[-5]*R[2]C12-RC[-5]*R[3]C12
```

आणि हवा होता असा:

```
=RC[-2]*RC[-1]/100-RC[-5]*R4C12-RC[-5]*R5C12
```

R[2]C12 आणि R4C12 यांतच सगळं प्रकरण आहे. C12 ला कंस नाही, म्हणजे बारावा कॉलम, अर्थात L, पक्का. R[2] ला कंस आहे, म्हणजे ओळ सुटी. $L4 कडे बघून जे निसटतं ते या देखाव्यात निसटत नाही. बघून झालं की टिक काढून टाकावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस कॉलमची अक्षरं गेली म्हणून घाबरतो. गुगल शीट्समध्ये हा देखावा मिळत नाही.

याच Formulas पानावर, खाली Error checking rules मध्ये, Formulas referring to empty cells असा एक नियम आहे. तो मुळात बंद असतो. चालू केला असता तर H3 पासून खालच्या सगळ्या सेलना हिरवा कोपरा आला असता. पण हंगामाच्या शीटमध्ये अर्ध्या ओळी भरायच्या राहिलेल्या असतात आणि त्या सगळ्या हिरव्या होतात, म्हणून लोक तो बंदच ठेवतात. तपासणीपुरता चालू करून पुन्हा बंद करणं हे मधलं धोरण चालतं.

तपासायचं कुठून

पहिली ओळ तपासून उपयोग नाही. फॉर्म्युला तिथेच लिहिलेला असतो, तिथे तो बरोबरच येणार. बघायची ती शेवटची ओळ. H165 वर जाऊन कीबोर्डवरची F2 कळ दाबली की फॉर्म्युल्यातल्या प्रत्येक पत्त्याला एक रंग येतो आणि शीटवर त्या त्या सेलभोवती त्याच रंगाची चौकट उमटते. इथे दोन चौकटी उजवीकडे L167 आणि L168 वर, म्हणजे कोऱ्या जागेवर पडलेल्या दिसल्या. वर दरांच्या तक्त्याभोवती एकही नाही. सेलमधून बाहेर पडताना Enter नको, Esc दाबावं. चुकून हात लागला असेल तर बदल राहत नाही.

दुसरी दिशा याहून जोरदार आहे. फॉर्म्युल्याकडून दराकडे न जाता दराकडून फॉर्म्युल्याकडे जायचं. L4 वर उभं राहून Ctrl+] दाबलं की त्या दरावर थेट अवलंबून असलेले सगळे सेल निवडले जातात आणि खालच्या पट्टीत त्यांची संख्या Count म्हणून येते. १६४ पावत्या असतील तर १६४ यायला हवेत. इथे L4 वरून फक्त H2 निवडला गेला, L5 वरून H2 आणि H3 असे दोन. L2 वरून मात्र F2 ते F165, मोजून १६४. म्हणजे बारदान नीट बांधलेलं, हमाली-तोलाई सुटलेली, हे दहा सेकंदांत कळतं. याची मर्यादा अशी की दर दुसऱ्या शीटवर असतील तर ही कळ तिथपर्यंत पोचत नाही.

तेव्हा तिसरा उपाय, जो गुगल शीट्समध्ये, फोनवर, कुठेही चालतो: दर हलवून बघा. फाइलची प्रत काढून त्यात L4 चे ८ चे ९ करा. H ची बेरीज बरोबर ४,१०० ने खाली यायला हवी, कट्ट्याला एक रुपया. इथे ती ३० ने खाली आली. L5 चे ३ चे ४ केले तर ५२ ने, ३० आणि २२. ओलाव्याची मर्यादा तपासायची तर L3 मध्ये १०० टाका. मग कुणालाच घट लागत नाही आणि F मधला प्रत्येक आकडा निव्वळ बारदान वजा केलेला दिसायला हवा. बदलाचा अंदाज आधी कागदावर लिहावा आणि मग दर हलवावा. उलट केलं की जो आकडा येईल तो पटवून घ्यायची सवय लागते.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतली चूक

दुरुस्तीला हात लावण्याआधी एक काम करावं लागतं, जे इथे सुदैवाने केलं गेलं. H मधले आकडे म्हणजे शेतकऱ्यांच्या खात्यात खरोखर गेलेल्या रकमा. फॉर्म्युला दुरुस्त केला की त्या शीटवरून पुसल्या जाणार. म्हणून आधी H2:H165 कॉपी करून N कॉलममध्ये Paste Special > Values ने नुसते आकडे ठेवले आणि शीर्षक दिलं "दिलेली रक्कम". O2 मध्ये =N2-H2 लिहून खाली नेलं. या क्षणी O मध्ये सगळीकडे शून्य, कारण अजून काहीच बदललेलं नाही.

मग H2 मध्ये जाऊन $L4 वर कर्सर ठेवून F4 दाबायचं. लॅपटॉपवर बहुधा Fn धरून F4 दाबावं लागतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. F4 चं चक्र L4, $L$4, L$4, $L4 आणि परत L4 असं फिरतं. आपण चौथ्या पायरीवर उभे होतो, तेव्हा एकदा दाबल्यावर सगळेच डॉलर जातात आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर दोन्ही येतात. फॉर्म्युला झाला:

```
=F2*G2/100-C2*$L$4-C2*$L$5
```

खाली ओढण्यापुरतं L$4 ही पुरलं असतं, कारण खाली जाताना फक्त ओळच हलते. पण पुढच्या हंगामात कुणीतरी तो उजवीकडे नेणारच, म्हणून दोन्ही बांधलेलं बरं. फोनच्या अॅपवर F4 नसतो, तिथे डॉलर हाताने टाइप करायचा.

नंतर H2:H165 निवडून Ctrl+D ने तो खालपर्यंत भरला. आणि तपासणीच्या सेलमध्ये आले ४१,६९०.

४५,१०० नाहीत. ३,४१० कमी, म्हणजे ३१० कट्टे. कारण असं होतं की N कॉलम भरून झाल्यावर कुणीतरी जास्त ओलाव्याचा माल बाजूला ठेवून बघायला E कॉलमवर फिल्टर लावला होता आणि १४ टक्क्यांवरच्या १३ पावत्या लपलेल्या होत्या. फिल्टर लागलेला असताना Ctrl+D किंवा कोपरा धरून खाली ओढणं हे दोन्ही फक्त दिसणाऱ्या ओळींतच लिहितं. लपलेल्या १३ ओळींत जुना फॉर्म्युला तसाच राहिला. खालच्या पट्टीत "151 of 164 records found" असं लिहिलेलं होतं, पण त्या कोपऱ्याकडे कोण बघतो. डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे दिसत असतील आणि मध्येच उडी मारत असतील तर फिल्टर चालू आहे, ही खूण जास्त पटकन लक्षात येते.

गंमत अशी की आता मात्र एकसारखेपणाची तपासणी कामाला आली. कॉलममध्ये दोन प्रकारचे फॉर्म्युले झाले होते. फिल्टर काढला, H2 पासून H165 पर्यंत निवड केली, आणि Home > Find & Select > Go To Special मध्ये Column differences घेतलं. पहिल्या सेलच्या फॉर्म्युल्याशी, अंतराच्या हिशेबाने, न जुळणारे १३ सेल निवडले गेले. L4 वरून Ctrl+] केलं तर तेही १५१ च सांगत होतं. पुन्हा पूर्ण पट्ट्यावर Ctrl+D दिल्यावर दोन्ही तपासण्या नीट आल्या, तपासणीच्या सेलमध्ये ४५,१०० आणि O ची बेरीज ४४,७०४.

म्हणजे Column differences ही मूळ चुकीला आंधळी होती आणि अर्धवट दुरुस्तीला डोळस. ती "सगळे सारखे आहेत का" एवढंच विचारते. "सगळे बरोबर आहेत का" याला दर हलवून बघणं किंवा बाहेरच्या वहीशी मेळ घालणं याशिवाय उपाय नाही.

सगळीकडे डॉलर हाही उपाय नव्हे

अशी एक चूक सापडली की पुढच्या शीटमध्ये हात सैल सुटतो आणि दिसेल त्या पत्त्याला डॉलर लागतो. त्याच केंद्रावर तुरीच्या शीटचा कच्चा नमुना बनवताना -$C$2\*$L$4-$C$2\*$L$5 असं लिहिलं गेलं. सोयाबीनच्या शीटवर हेच झालं असतं तर काय, ते ताडून बघू. प्रत्येक शेतकऱ्याकडून पहिल्या पावतीच्या ३० कट्ट्यांचे ३३० रुपये कापले गेले असते, मग त्याने १५ कट्टे आणले असोत की ६०. १६४ पावत्यांचे ५४,१२० होतात. या चुकीत L4 वरून Ctrl+] ला १६४ सेल मिळतात आणि सगळं ठीक वाटतं. दर हलवल्यावर बेरीज मात्र ४,१०० ऐवजी ४,९२० ने हलते, आणि C2 वरून Ctrl+] केलं तर एकट्या F2 व H2 ऐवजी अख्खा H कॉलम निवडला जातो. तेव्हा दोन्ही टोकं बघायची: दराच्या सेलवर सगळ्या ओळी अवलंबून हव्यात, आणि एका पावतीच्या सेलवर फक्त तिची स्वतःची ओळ.

याला एक अपवाद त्याच शीटमध्ये होता. I मधली चालू बेरीज:

```
I2:  =SUM($H$2:H2)
```

इथे एकाच पट्ट्याचं एक टोक बांधलेलं आणि दुसरं मोकळं आहे, आणि तेच बरोबर आहे. चौथ्या ओळीत तो $H$2:H4 होतो. दोन्ही टोकं मोकळी ठेवली तर प्रत्येक ओळीत तिचीच रक्कम परत दिसते. दोन्ही बांधली तर सगळीकडे ६५,६७०. या कॉलमची तपासणी एका नजरेत होते: I165 आणि =SUM(H2:H165) सारखे यायला हवेत. पहिल्या सेलवर, म्हणजे H2 वर, इथे सगळ्या ओळी अवलंबून असणार. वरच्या नियमाने ते खटकेल, पण चालू बेरजेचा अर्थच तो आहे.

मांडणी बदलली ती अशी

डॉलर लावल्यावरही दर पावत्यांच्या शेजारी राहणं धोक्याचंच होतं. फिल्टर लावला की दराच्या ओळीही लपू शकतात. चौथ्या ओळीतली पावती रद्द म्हणून कुणी अख्खी ओळ डिलीट केली तर हमालीचा दरही तिच्याबरोबर जातो आणि H मध्ये खालपर्यंत #REF! येतो. डॉलर सेलला कॉपी करताना धरून ठेवतो, डिलीट होण्यापासून वाचवत नाही. वर नवी ओळ घातली तर $L$4 आपोआप $L$5 होतं, ते बरोबरच आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

म्हणून चारही दर "दर" नावाच्या वेगळ्या शीटवर नेले आणि प्रत्येक सेलला डावीकडच्या Name Box मध्ये नाव दिलं: hamali, tolai, bardan, olava. तिथून दिलेलं नाव पक्क्या पत्त्याचंच असतं, डॉलर वेगळा लावावा लागत नाही. कपातीला स्वतंत्र कॉलमही केला, जागा होईल म्हणून चालू बेरीज J मध्ये सरकवली:

```
H2:  =C2*(hamali+tolai)
I2:  =F2*G2/100-H2
J2:  =SUM($I$2:I2)
```

आता कपात शून्य झाली तर डोळ्यांना दिसते, आणि फॉर्म्युला वाचणाऱ्याला L4 म्हणजे काय ते शोधायला जावं लागत नाही. Ctrl+] ची सोय मात्र गेली, कारण दर दुसऱ्या शीटवर आहेत. तिच्या जागी शीटच्या माथ्यावर एक कायमचा सेल ठेवला:

```
=SUM(H2:H165)-SUM(C2:C165)*(hamali+tolai)
```

त्यात शून्य असेल तरच पट्ट्या छापायच्या. हिशेबाच्या दशांशांमुळे क्वचित शून्याऐवजी अगदी सूक्ष्म आकडा उमटतो, म्हणून तो ROUND ने दोन स्थळांपर्यंत आणला. पावत्या वाढल्या की 165 हा आकडा मागे पडतो, तेव्हा पट्टा आधीच 2000 ओळींपर्यंत धरून ठेवला. रिकाम्या सेलला एक्सेल शून्य मानतं, ही खोड इथे उपयोगी पडली.

जास्त गेलेले ४४,७०४ रुपये पुढच्या पट्टीत वळते करायचे की कंपनीने सोसायचे, हे संचालकांच्या बैठकीवर सोडलं. तिथे ठेवायला O कॉलमची यादी पावतीनिहाय तयार होती: दुसऱ्या पावतीला १७६, बाकी प्रत्येकाला कट्ट्यामागे ११, आणि पहिल्या पावतीपुढे शून्य.